ऑपरेशन तेच, मग क्लेमची रक्कम वेगळी का?

प्रश्न : सासूबाईंच्या पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय. नेहमीच्या डॉक्टरांचं सांगलीतलं हॉस्पिटल मेडिक्लेमच्या नेटवर्कमध्ये नाही. तिथे 4 हजारांच्या खोलीत तीन दिवस धरून 1 लाख 10 हजार सांगितलेत. मिरजेतल्या नेटवर्क हॉस्पिटलमध्ये कॅशलेस होईल. पॉलिसी 3 लाखांची, खोलीभाडं रोज 3 हजारांपर्यंत, नेटवर्कबाहेर 10 टक्के आमचे. एफडी मोडून पैसे भरले तर सगळे परत मिळतील ना?

उत्तर : सगळे मिळणार नाहीत, ताई. अंदाजपत्रकात काय काय धरलंय त्यावर ठरेल, पण तीसेक हजार घरातून जाऊ शकतात.

नेटवर्क हॉस्पिटलशी कंपनीने दर आधीच ठरवलेला असतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनसारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा पॅकेजच असतं. त्यात खोली, सर्जन, भूल, थिएटर, औषधं सगळं येतं. तुमच्या डॉक्टरांचा असा करार नाही, त्यामुळे त्यांच्या बिलाची छाननी तुम्ही पैसे भरल्यानंतर होते. ती पॉलिसीतल्या ‘रास्त आणि प्रचलित दर’ या कलमाने होते. बिलातला दर त्या हॉस्पिटलचा नेहमीचाच हवा, शिवाय त्या भागात तशाच उपचाराला जे घेतात त्याच्याशी जुळणारा हवा. सांगली-मिरजेतले असेच क्लेम कंपनीने आधी दिलेले असतात, तुलना त्यांच्याशी होते.

आता तुमचंच बिल मांडू. समजा, खोलीचे 12 हजार, सर्जन, भूल आणि थिएटरचे मिळून 63 हजार, औषधं आणि तपासण्या 29 हजार आणि नोंदणी, हातमोजे असलं किरकोळ 6 हजार. हे किरकोळ बहुतेक पॉलिसींत मिळतच नाही. खोलीचे 3 हजारांच्या हिशेबाने 9 हजार मिळतील. खरा फटका पुढे आहे. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की सर्जन, भूल आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे इथे तीन-चतुर्थांश धरतात. 63 हजारांचे 47,250 होतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, त्यामुळे ते 29 हजार पूर्ण धरतात. बेरीज 85,250. त्यातून तुमचे 10 टक्के गेले की हातात 76,725 रुपये. म्हणजे 33,275 रुपये तुमचे, आणि यात रास्त दराची कात्री अजून लागलेलीच नाही.

खोली 3 हजारांची घेतली तर? सर्जनची फी वगैरे तीच राहिली असं धरलं तरी मंजुरी 90,900 पर्यंत जाते. दिवसाला हजार रुपये वाचवून क्लेममध्ये चौदा हजारांचा फरक! आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ज्या हॉस्पिटलात खोली बदलली तरी सर्जन-थिएटरचे दर बदलत नाहीत, तिथे कंपनीला ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. छोट्या हॉस्पिटलांत बऱ्याचदा असंच असतं. तुमच्या डॉक्टरांकडे तसं असेल तर दरपत्रक आणि लेटरहेडवर तसं पत्र घ्या आणि क्लेमच्या कागदांना जोडा.

माझं मत विचाराल तर मिरज. पण आधी डॉक्टरांना सरळ विचारा, की ते स्वतः मिरजेत येऊन ऑपरेशन करतील का. बरेच सर्जन दोन-तीन ठिकाणी जातात, आणि सासूबाईंचा विश्वास डॉक्टरांवर आहे, इमारतीवर नाही. मिरजेतही खोली 3 हजारांच्या आतलीच घ्या. ‘पॅकेजच्या वर इतके भरा’ असं सांगितलं तर ते कशाचे, हे लिहून मागा आणि टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, फोन करा. पॅकेजमध्ये धरलेल्या गोष्टीसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत.

डॉक्टर येणार नसतील आणि मन सांगलीतच असेल तर भरती होण्याच्या किमान 48 तास आधी कंपनीला कळवून कॅशलेस मागा. 2024 पासून विमा कंपन्यांनी नेटवर्कबाहेरही ही सोय सुरू केली आहे, मात्र हॉस्पिटल तयार हवं आणि कंपनीची मंजुरी हवी. तुमचे 10 टक्के तरीही लागू शकतात, ते आधी विचारून घ्या. कॅशलेस नाहीच झालं तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त असतं आणि क्लेम आला की फेडून टाकता येतं.

दोन गोष्टी आजच बघा. पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते, ती संपलीय का? आणि हॉस्पिटल कंपनीच्या वगळलेल्या यादीत तर नाही ना? नेटवर्कबाहेर असणं वेगळं. वगळलेल्या हॉस्पिटलात ठरवून केलेल्या ऑपरेशनचा क्लेम मिळतच नाही.

पैसे कापून आले तर ‘दर जास्त आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका. कोणत्या रकमेवर, कोणत्या कलमाने किती कापले, हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो, त्याला फी नाही.