जिनिंगमधे काट्यावरून सुपरवायझर कसं व्हायचं?

प्रश्न: वणीकडच्या एका जिनिंगमधे ३ सीझनपासून काट्यावर आहे. शेठ माणूस चांगला आहे, पण सुपरवायझर करा म्हटलं की "बघू" म्हणतात. नोकरी न सोडता वर कसं जाऊ?

उत्तर:

भाऊ, पद मागू नका, सुपरवायझरचं एक काम मागा, गंजीनुसार रुईच्या उताऱ्याचा हिशेब. मी पण काट्यावरूनच सुपरवायझर झालो म्हणून सांगतो, शेठचा जीव त्या आकड्यात राहते आणि त्याची अर्धी माहिती तुमच्या काटापावत्यांत आधीच आहे.

समजा गंजीत २०० क्विंटल कापूस पडला. ३४ टक्के उतारा धरला तर ६८ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या ४० गाठी. निघाल्या ३८. आता उतारा ३२.३ वर आला आणि ३ क्विंटल ४० किलो कुठं गेली ते सांगता आलं पाहिजे. तर त्या गंजीची सरकी पण तोलून घ्या. कापूस ओला घेतला असेल, दिवाळीच्या आसपासचा राहतेच, तर वाळून रुई आणि सरकी दोन्हीचं वजन कमी भरते. पण रुई कमी आणि सरकी जास्त भरली तर मूठभर सरकी हातात घेऊन पहा, तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त रुई चिकटून दिसली की रोलर-चाकूची सेटिंग बिघडली समजा आणि लगेच फिटरला बोलवा. हे ज्याला सांगता येते त्याला शेठ "बघू" म्हणत नाही.

मागायची वेळ पोळा ते दसरा. एकदा गाड्यांची लाईन लागली की कोणी ऐकून घेत नाही. जुन्या सुपरवायझरच्या कानावर आधी घाला, नाहीतर तो आपल्यावर माणूस बसवून राहिले असं समजते आणि गाठींचा आकडाच देत नाही. मंग शेठला म्हणा, "काटा सांभाळून रोजचा उतारा मी काढतो, संक्रांतीला बसून पाहू, जमलं असेल तर पुढच्या सीझनला रात्रपाळी माझ्याकडे द्या, पगार तेव्हा किती ते आत्ताच ठरवू." बोलणं झालं की त्याच दिवशी हेच साध्या भाषेत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या.

आणि काट्यावर एखादं पोरगं तयार करा. यात लोक कमी पडतात, चांगल्या काटेवाल्याला शेठ हलवतच नाही कारण त्याच्या जागी बसवायला कोणी नसते.

संक्रांत गेली, हिशेब तुम्हीच काढून राहिले, पण काट्यावर दुसरा माणूस नाही आणि पगाराचा विषय काढला की टाळतात, तर तुमच्याकडून फुकट काम चाललं आहे. आणि युनिट एकाच पाळीत चालत असेल, सुपरवायझर पन्नाशीच्या आतला असेल, तर तिथं जागाच निघत नाही, मंग शेठचं दुसरं युनिट किंवा तेल मिल असेल तर तिथली जागा मागा.