नवीन सिमवर जुन्या मालकाचे वसुलीचे फोन

प्रश्न: नवीन नंबर घेतलाय, पण रोज दुसऱ्याच माणसासाठी फोन येतात, जास्त करून लोनवाल्यांचे. ब्लॉक करून कंटाळलो. कायमचे कसे बंद करू?

ब्लॉक करू नका, पहिलं तेच सांगतो. आमचे दाजी अजून म्हणतात ब्लॉक कर नाहीतर नंबर बदल, पण त्यांचा फोन दिवसभर खिशात गप्प असतो, त्यांचं काय जातंय. माझं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे, धंद्यासाठी हा नंबर घेतला आणि ऑर्डरवाले सगळे अनोळखी नंबरवरूनच येतात, म्हणजे मला प्रत्येक फोन उचलावाच लागतो. आणि उचलला की "अण्णा हैं क्या, किश्त बाकी है".

ते अण्णा कोण मला आजपर्यंत माहीत नाही. रिचार्ज बंद करून नंबर सोडून दिला असणार. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात, पण लोन कंपनीच्या खात्यात तो अण्णांचाच राहतो ना. एक म्हातारी तर तेलुगूत रडवेली होऊन विचारायची, मला तेलुगू फार येत नाही, शेजारच्या मागवाल्याला फोन देऊन तिला सांगायला लावलं तेव्हा ती बंद झाली. ओळखीपाळखीचे लोक एकदा नीट सांगितलं की ऐकतात. वसुलीवाले ऐकत नाहीत, आणि त्याला कारण आहे.

फोन संपला की एजंटला स्क्रीनवर काय झालं ते निवडावं लागतं. तुम्ही कापला किंवा ब्लॉक केला तर तिथे "उचलला नाही" पडतं आणि डायलर दुसऱ्या नंबरवरून परत लावतो. शिव्या दिल्या तर "पैसे द्यायला नकार" असं टाकून मोकळे होतात, म्हणजे अण्णांचा राग तुमच्यावर. बरं एखाद्या भल्या माणसाने "राँग नंबर" टाकलं तरी पुढे ती फाईल दुसऱ्या एजन्सीकडे जाते, आणि मूळ कंपनीच्या रेकॉर्डमधून नंबर निघालेला नसला की यादीत परत तुम्हीच. म्हणून एजंटशी भांडण्यात अर्थ नाही, रेकॉर्ड जिथे आहे तिथे जायचं.

कंपनीचं नाव एजंट सांगत नाही, मलाही सांगितलं नाही. पण हप्त्याचे एसेमेस येत होते, त्यात कंपनीचं नाव आणि लोन खात्याचे शेवटचे ४ आकडे होते. तेवढं बास. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल असतो, कस्टमर केअरचा नाही, हा वेगळा असतो. त्यावर लिहिलं की हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे, कर्जदाराला मी ओळखत नाही, शेवटचे आकडे हे, खात्यातून नंबर काढा, सगळ्या एजन्सींना कळवा आणि काढल्याचं मला लेखी द्या. सोबत सिम चालू झाल्याची तारीख दिसणारा कागद आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट. आधार जोडायचं नाही, एजंट मागेल, "व्हेरिफाय करतो" म्हणेल, तरी नाही. ओटीपी तर नाहीच.

त्यातच एक ओळ घातली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी कर्जदारालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि वसुलीपायी कुठल्याही माणसाला छळता येत नाही. मला साडेसातलाच यायचे, तोंडात ब्रश असताना. स्क्रीनशॉटमध्ये वेळ दिसतेच. उत्तर आलं, नंबर काढल्याचं, आणि फोन खरंच थांबले. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर तक्रार टाकायची, १४४४८ वर फोन करून विचारताही येतं.

दाजी म्हणतात एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा नवीन सिम स्वस्त पडतं. अहो पण नवीन सिम म्हणजे परत कुणाचा तरी सोडलेला नंबर मिळू शकतो ना, आणि माझी व्हिजिटिंग कार्डं, बारदानावरचा छापलेला नंबर, ते कोण बदलणार, दाजी?

आणि हो, १९०९ वर डीएनडी लावून हे थांबत नाही, ते जाहिरातींसाठी आहे. ट्रूकॉलरवर अण्णांचं नाव दिसत असेल तर तुमच्या नावाने प्रोफाइल बनवा, त्याने बाकीचे चुकीचे फोनही कमी होतात. हे सगळं खऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी हां. कंपनीचं नावच कुठे सापडत नसेल, धमक्या, घाणेरडे फोटो असला प्रकार असेल तर मेलबिल सोडा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षूमध्ये नंबर रिपोर्ट करा आणि सायबर पोलिसांकडे जा.