सहा महिन्यांचा निधी: ३२ महिने की ३५?

प्रश्न: नाशिकला सिडकोत राहतो, घरखर्च महिना ३२,००० आहे. दरमहा ६,००० बाजूला टाकले तर सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी किती काळात जमेल?

उत्तर: साध्या भागाकाराने १,९२,००० भागिले ६,००० म्हणजे ३२ महिने येतात, प्रत्यक्षात मात्र सुमारे ३५ महिने धरावेत.

खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो आणि आवर्ती ठेवीवरही ६ टक्केच व्याज मिळते असे गृहीत धरले, तरी व्याज ही वाढ पूर्णपणे भरून काढत नाही, कारण महागाई पहिल्या दिवसापासून संपूर्ण उद्दिष्टावर चढते, तर व्याज फक्त तोपर्यंत जमलेल्या रकमेवर मिळते. त्यामुळे ३२ व्या महिन्यात तुमच्याकडे साधारण २,०७,६०० रुपये असतील, पण तेव्हाच्या सहा महिन्यांच्या खर्चाला २,२४,००० लागतील. व्याजावर प्राप्तिकर लागू होत असल्यास तूट आणखी थोडी वाढेल.

घरखर्चात गृहकर्जाचा हप्ता असेल, तर तो बहुधा महागाईने वाढत नाही, म्हणून ही वाढ हप्ता वगळून उरलेल्या खर्चावरच धरावी. भाडे मात्र वाढणाऱ्या खर्चातच मोजावे. दरवर्षी पगारवाढीबरोबर बचतही ६ टक्क्यांनी वाढवली, तर हाच निधी ३३ महिन्यांत पूर्ण होतो.