ठोके कळ ओसरल्यावर ऐक

प्रसूतीतल्या देखभालीवरच्या असाइनमेंटमध्ये नुसतं ‘बाळाचे ठोके तपासले’ लिहू नकोस. कधी आणि किती वेळ, तेही लिही. समजा पहिलटकरीण आहे, गर्भाशयमुख ५ सेंमी उघडलंय. दर अर्ध्या तासाला, कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट ठोके मोज. त्याच वेळी आईची नाडी धर, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे म्हणून पार्टोग्राफवर चढतात. बाळाचे ठोके मिनिटाला ११० च्या खाली गेले तर तिला डाव्या कुशीवर वळव, पुन्हा ऐक आणि डॉक्टरांना लगेच कळव.

कळा मंदावल्या, डोकं खाली सरकेना, तर आधी ओटीपोट चाचप. मूत्राशय भरलेलं असू शकतं. म्हणून दर दोन तासांनी लघवीला चालवत ने. कळेत कमरेवर तळहाताने दाब दे. आतून तपासण्याआधी तिला सांग, आणि सोबतीच्या बाईला बाहेर काढू नकोस.