एक्स-रेमध्ये हाड पांढरं आणि हवा काळी का दिसते?

प्रश्न: रत्नागिरीला रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहे. एक्स-रे बनतात कसे, आणि हाड, मांस, हवा वेगवेगळी का दिसतात?

ट्यूबमधला फिलामेंट तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि केव्ही, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब, दिलं की ते जोरात जाऊन टंगस्टनच्या टार्गेटवर आदळतात, तिथे एकदम ब्रेक लागून जी ऊर्जा सुटते त्यातली जवळपास ९९ टक्के नुसती उष्णता आणि उरलेले एक्स-रे.

आता आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाचं मनगट घ्या. आपण साधारण ५५ केव्ही लावतो. हाडात कॅल्शियम, फॉस्फरस असल्यामुळे त्याचा सरासरी अणुक्रमांक १३-१४ च्या आसपास, मांसाचा साडेसात. कमी केव्हीला फोटोइलेक्ट्रिक शोषण, म्हणजे अणूने किरण पूर्ण गिळून टाकणं, जोरात असतं आणि ते साधारण अणुक्रमांकाच्या घनाने वाढतं, म्हणजे दुप्पट अणुक्रमांकाला जवळपास आठपट! किरण जिथे अडतात तिथे इमेज पांढरी राहते, म्हणून हाड पांढरंशुभ्र आणि फ्रॅक्चरची बारीक रेघसुद्धा स्पष्ट दिसते.

हवेचं मात्र नीट समजून घ्या, इथे बरेच जण अडकतात. तिचा अणुक्रमांक मांसाएवढाच आहे, पण घनता जवळजवळ ८०० पट कमी, किरणांना अडवायला अणूच नाहीत, म्हणून काळी.

त्याच मनगटाला चुकून छातीचे ११० केव्ही राहिले तर फोटोइलेक्ट्रिक घटून कॉम्प्टन स्कॅटरचा, म्हणजे किरण आदळून दिशा बदलण्याचा, वाटा वाढतो, तो मुख्यतः घनतेवर चालतो, त्यामुळे हाड-मांसातला फरक कमी होऊन सगळं राखाडी दिसतं. डिजिटलवर सॉफ्टवेअर ब्राइटनेस सावरून घेतं, म्हणून इमेज फिकट वाटली की आधी केव्ही बघा.