कॉफी केक कडू लागतो? आधी सोडा मोजा

प्रश्न: "बिनअंड्याचा कॉफी केक तीनदा केला. फुलतो छान, रंगही मस्त येतो, पण गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवट चव रेंगाळते. इन्स्टंट कॉफी तीन चमच्यांवरून एकवर आणली, ब्रँड बदलला, साखर वाढवली, तरी तेच. ब्राउनीतही थोडं तसंच होतं. कॉफी घालूच नये का?"

"कॉफी कमी केली, ब्रँड बदलला, साखर वाढवली" हे वाचून हसू आलं, कारण ह्याच क्रमाने मीही वर्षभर फिरलोय. आधीच सांगतो, मी शेफ नाही. घरी बेक करतो, मधूनमधून ओळखीच्यांच्या ऑर्डरी घेतो. तुमची पूर्ण कृती तुम्ही दिलेली नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो. पण कॉफी तीनाची एक करूनही कडवटपणा तसाच राहिला, तर दोष कॉफीचा नसावा. मला सोड्याचा संशय येतो.

माझी गोष्ट सांगतो. मी एका बेकिंग क्लासला गेलो होतो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथे बिनअंड्याच्या कॉफी केकची कृती मिळाली: दीड कप मैदा, अर्धा कप दही, बाकी दूध आणि "चांगला भरून" एक टीस्पून खाण्याचा सोडा. कारण काय, तर अंडं नाही म्हणून केक उचलायला जास्त सोडा लागतो. मी वहीत लिहून घेतलं आणि देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. केक टम्म फुगायचा, वरून गडद तपकिरी दिसायचा. मला वाटायचं, वा, कॉफीचा रंग उतरलाय! खाल्ल्यावर मात्र घशाशी ती कडू, किंचित साबणासारखी चव. क्लासला विचारलं तर उत्तर आलं, "कॉफी हलकी वापरा." हलकी वापरली. परत विचारलं तर, "साखर वाढवा." पुढे उत्तरच आलं नाही. एका साठाव्या वाढदिवसाचा दोन किलोचा केक त्याच कृतीने करून दिला. दुसऱ्या दिवशी कळलं की पाहुण्यांनी वरचं क्रीम खाल्लं आणि केक तसाच ठेवला. पैसे परत केले. त्या घरातून पुन्हा कधी ऑर्डर आली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

आता त्यामागचं कारण. सोडा हा अल्कली आहे. त्याला आंबट काहीतरी भेटलं की वायू सुटतो, केक फुलतो आणि सोडा संपतो. आंबटपणा पुरला नाही तर उरलेला सोडाही ओव्हनच्या उष्णतेने फुटतो, म्हणजे केक फुलतोच. पण मागे जे राहतं ते सोड्यापेक्षा तीव्र अल्कली असतं, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद. ती चव कडू आणि साबणासारखी लागते. शिवाय अल्कलीमुळे केक लवकर आणि जास्त तपकिरी होतो. साध्या व्हॅनिला केकमध्ये हा रंग लगेच डोळ्यांत खुपला असता. कॉफी केकमध्ये तो लपून जातो आणि कडूपणाचा आळ आपसूक कॉफीवर येतो. वर कॉफीत मुळात जो हलका आंबटपणा असतो तोही हा सोडा मारतो, म्हणून वास कॉफीचा येतो पण चव सपाट लागते.

साधा हिशेब असा: अर्धा टीस्पून सोड्याला साधारण एक कप दही लागतं. माझ्या क्लासच्या कृतीत अर्धा कप दही होतं, म्हणजे पाव टीस्पून सोडा पुरला असता. मी घालत होतो शिगोशीग एक. तीन चतुर्थांशाहून जास्त सोडा कुणाशीही न भिडता केकमध्ये बसून राहत होता! दह्याऐवजी व्हिनेगर वापरत असाल तर पाव टीस्पून सोड्याला एक टेबलस्पून धरा. हे हिशेब ढोबळ आहेत, दही जितकं आंबट तितका सोडा जास्त पेलतो. कंडेन्स्ड मिल्कच्या केकमध्ये तर आंबट जवळजवळ नसतंच. तिथे मी सोडा काढून टाकतो आणि बेकिंग पावडरवरच काम भागवतो, कारण तिच्यात तिचं आम्ल आधीच असतं.

माझं ऐकून लगेच कृती बदलू नका, आधी खात्री करा. पुढच्या वेळी कॉफी घालण्याआधी दोन चमचे मिश्रण एका छोट्या वाटीत काढा आणि केकसोबतच भाजा. वाटी लहान म्हणून ती आधी बाहेर काढावी लागेल. पूर्ण गार झाल्यावर खा. कॉफी नसलेली ती वाटीही मागच्या बाजूला कडू लागली तर चोर सापडला. वाटी छान आणि फक्त केक कडू, तर मात्र कॉफीकडे वळा. मी ही चाचणी वर्षभर आधी केली असती तर तो दोन किलोचा केक वाचला असता.

आता मी करतो ती कृती. मैदा दीड कप, म्हणजे साधारण 190 ग्रॅम. घट्ट दही एक कप, पिठीसाखर 150 ग्रॅम, बिनवासाचं तेल अर्धा कप, सोडा सपाट अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर सव्वा टीस्पून. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा भाग निपटून काढलेला. ह्या एका गोष्टीवर मी भांडायला तयार आहे. इन्स्टंट कॉफी एक टेबलस्पून. ती दोन टेबलस्पून कोमट दुधात पूर्ण विरघळवायची आणि गार करायची. दही, साखर आणि सोडा एकत्र करून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे दिसले की तेल आणि कॉफीचं दूध घालायचं, मग मैदा, बेकिंग पावडर आणि पाव टीस्पूनहून थोडं कमी मीठ चाळून हलकेच मिसळायचं. सात इंची टिन, 180 अंश, 35 ते 40 मिनिटं. मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये, फोनवर बोलत बसायचं नाही.

मीठ विसरू नका. ते खारटपणासाठी नाही. चिमूटभर मीठ कडू चव दाबतं, आणि साखर वाढवण्यापेक्षा हे काम चांगलं करतं. साखर वाढवली की केक गोड आणि कडू असा दोन्ही लागतो, ते मी खाऊन पाहिलंय. पाण्याऐवजी दूध घेण्याचं कारणही तेच, दुधातली प्रथिनं आणि स्निग्धता कॉफीची धार बोथट करतात. अंड्याच्या केकमध्ये हे काम थोडंफार बलक करून टाकतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून हे दुसऱ्या वाटेने करावं लागतं.

कॉफी कोरडीच मैद्यात घालत असाल तर तेवढं मात्र थांबवा. न विरघळलेला प्रत्येक दाणा केकमध्ये कडू ठिपका होऊन बसतो. तेलात किंवा वितळलेल्या बटरमध्येही ती नीट विरघळत नाही, तिला पाणी किंवा दूधच लागतं. आणि डबा उलटून घटक वाचा. पुष्कळ इन्स्टंट पावडरींमध्ये चिकोरी मिसळलेली असते. ती भाजलेली मुळी आहे, तिला तिचा स्वतःचा जळका कडूपणा असतो. कपात दूध-साखरेबरोबर ती मला आवडते, केकमध्ये नाही. हे माझं वैयक्तिक मत, चिकोरीवाल्यांनी राग मानू नये. फिल्टरची दळलेली कॉफी तर घालूच नका, ती विरघळतच नाही, चोथा दाताखाली येतो. डब्यातली पावडर दमट होऊन गोळा झाली असेल तर तीही नको.

ब्राउनीचं गणित वेगळं आहे. ब्राउनी फुगवायची नसतेच, मग तिच्यात सोडा कशाला? मी फक्त पाव टीस्पून बेकिंग पावडर घालतो. सोडा घालायचाच असेल तर कोको कुठला आहे ते पाहा. डच प्रोसेस्ड कोकोचा आंबटपणा आधीच काढलेला असतो, तो सोड्याला काही मदत करत नाही. साधा कोको थोडी करतो. कॉफी ब्राउनीत एक टीस्पून पुरते, तिथे तिचं काम चॉकलेट गडद करणं एवढंच. जीभ कॉफी ओळखायला लागली की समजा जास्त झाली. 70 टक्क्यांच्या डार्क चॉकलेटबरोबर कॉफी म्हणजे कडूवर कडू. मी 50 ते 55 टक्क्यांचं घेतो.

एक धोका इथे आहे. चमचाभर पाण्यात कालवलेली कॉफी वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओतली तर चॉकलेट घट्ट होऊन दाणेदार गोळा होतो. पाण्याचे चार थेंबही पुरतात. म्हणून मी कॉफी कृतीतल्या सगळ्या गरम दुधात विरघळवतो आणि ते दूध चॉकलेटच्या तुकड्यांवर एकदमच ओततो. भरपूर दूध एका वेळी गेलं की काही होत नाही, जीव जातो तो थेंबाथेंबाने.

आणि ब्राउनीच्या कडाच तेवढ्या कडू लागत असतील तर त्या करपल्या आहेत. काळ्या रंगाचा टिन कडा लवकर भाजतो, त्यात 10-15 अंश कमी ठेवा. टूथपिकला ओलसर कण चिकटलेले असतानाच बाहेर काढा. कोरडी टूथपिक दिसेपर्यंत थांबलात तर कडा गेल्याच.

जाता जाता, अंड्याऐवजी जवसाची पूड वापरत असाल तर ती आधी नुसती चाखा. दळून ठेवलेली पूड काही आठवड्यांत खवट होते आणि तो खवटपणाही कडूच लागतो. अक्रोडाची सालही तशीच, म्हणून अक्रोड भाजून, फडक्यात चोळून मगच घालतो.

तुमची पूर्ण कृती इथे टाका, विशेषतः सोडा किती आणि दही किती ते. वाटीवाली चाचणी केलीत तर काय झालं तेही लिहा, मला उत्सुकता आहे.