दोघांची ओळख, एकच मेसेज

"माझी जुनी सहकारी नोकरी शोधतेय आणि ओळखीच्या एका मॅनेजरना टेस्टिंग लीड हवाय. दोघांची गाठ एकाच मेसेजमध्ये घालून द्यायची तर काय लिहू? कौतुक जास्त झालं तर उद्या माझ्यावर येईल, कमी झालं तर तिचं नुकसान."

या बाई मसुदा घेऊनच आल्या होत्या. चांगला पानभर होता. कौतुकाची चिंता त्यांना होती, मला मात्र खटकली ती शेवटची ओळ: "आता तुम्ही दोघं बोलून घ्या." अशा ओळीनंतर सहसा कुणीच बोलत नाही. मॅनेजरना वाटतं, गरज तिला आहे, ती लिहील. तिला वाटतं, आपण आधी लिहिलं तर मागे लागल्यासारखं दिसेल.

त्याआधी मी विचारलं, दोघांना विचारलंय का? मॅनेजरना विचारलं होतं, मैत्रिणीला नाही. ती अजून नोकरीत होती आणि मसुद्यात तिचा ऑफिसचा ईमेल होता! नोकरी शोधतोय ही गोष्ट तिथल्या कुणाला कळू नये, हा तिचा हक्क आहे. त्यामुळे आधी तिला वेगळं विचारायला लावलं. तिने स्वतःचा खाजगी ईमेल दिला, शिवाय याच जागेसाठी वेबसाइटवरून अर्ज केल्याचंही सांगितलं. हे कळलं ते बरं झालं, कारण मॅनेजर आता तो अर्ज शोधून काढू शकत होते.

मग बाईंनी बसून लिहिलेला मेसेज असा होता. नावं मी गाळलीत.

"सर, टेस्टिंग लीडच्या जागेबद्दल आपण बोललो होतो, या त्याच माझ्या माजी सहकारी. आम्ही एका प्रोजेक्टवर दोन वर्षं एकत्र होतो. रिलीजच्या आदल्या दिवशी पेमेंटमधली चूक त्यांनी पकडली, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी वेबसाइटवरून अर्जही केला आहे. आणि ताई, सर ही टीम नव्याने उभी करत आहेत. तुमच्या सोयीच्या दोन वेळा सरांना तुम्हीच कळवा. पुढचं तुम्ही दोघं ठरवा, मला या मेलमधून वगळलंत तरी चालेल."

कौतुकाचा प्रश्न इथे आपोआप सुटला. "अतिशय हुशार, मेहनती" लिहिलं की ते निभावण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहिली की तेवढ्यापुरतीच ग्वाही राहते, आणि मॅनेजरना मुलाखतीत विचारायला काहीतरी मिळतं. पगार, नोकरी सोडण्याचं कारण, घरची अडचण यातलं काहीही या मेसेजमध्ये येऊ नये. ते तिने सांगायचं, हवं तेव्हा.

आठवडाभरात मॅनेजरकडून उत्तर आलं नाही, तर बाईंनी त्यांना एकदाच आणि वेगळ्या मेसेजमध्ये विचारायचं, असं आम्ही ठरवलं. त्याच मेलमध्ये आठवण करून दिली, तर मैत्रिणीसमोर त्यांना नकार देणं अवघड होतं.